वीज मध्येच गेली तरी अपडेटने संगणक मोडले नाहीत, हे कसे?

परळचा वाचक · शनिवार, दुपारी 12.10

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका आहे आणि तेथील सहा जुने संगणक मी सांभाळतो. गेल्या वर्षापर्यंत त्यांवर नेहमीच्या पद्धतीचे लिनक्स होते. एकदा अपडेट चालू असताना वीज गेली, अर्ध्या फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या राहिल्या, आणि दोन संगणक पुन्हा उभे करण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. त्यानंतर मी सगळीकडे फेडोरा सिल्व्हरब्लू हे वेगळ्या पद्धतीचे लिनक्स टाकले.

काल संध्याकाळी सातच्या सुमारास मी सहाही संगणकांवर `rpm-ostree upgrade` चालवले. बाहेर धो धो पाऊस होता. मीटरच्या खोलीत पाणी शिरू लागले म्हणून रखवालदाराने मुख्य स्विच खाली ओढला. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच गेल्या आहेत, त्यामुळे सहाही पडदे एकदम काळे झाले. त्या क्षणी चार संगणकांवर अपडेट पूर्ण झाल्याचा आणि आता रीबूट करा असा संदेश आलेला होता, तर दोन अजून फाइली उतरवत होते.

आज सकाळी सहाही संगणक निमूटपणे सुरू झाले, पण सहाही जुन्याच आवृत्तीवर. उतरवण्याचे काम अर्धवट राहिलेल्या दोघांचे मला समजते, परंतु ज्या चारांनी काम झाल्याचे सांगितले होते तेही जुन्यावर का राहिले, हे कळले नाही. मी पुन्हा अपडेट चालवले आणि या वेळी व्यवस्थित रीबूट केले. पाच संगणक नव्या आवृत्तीवर नीट चालले. पाचव्या क्रमांकाच्या संगणकात फार जुने ग्राफिक्स कार्ड आहे. त्यावर नाव आणि पासवर्ड टाकला की पडदा काळा होत होता. सुरुवातीच्या मेनूत दुसरी ओळ निवडली आणि एका मिनिटात काल दुपारचा संगणक जसाच्या तसा परत मिळाला.

आनंद झालाच, पण न समजलेल्या सोयीवर विसंबणे मला जमत नाही. हे आत नेमके कसे घडते, आणि या परत फिरण्यातून काय सुटते, हे कोणी नीट सांगेल का?

---

जुना खिळा · शनिवार, दुपारी 12.45

यात नवीन काही नाही. सायबर कॅफेच्या काळात आम्ही रात्री प्रत्येक मशिनची डिस्क इमेज काढून ठेवत असू आणि सकाळी बिघडलेल्या मशिनवर ती ओतत असू. येथे तेच काम आपोआप होते. अपडेटपूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत निघते, बिघाड झाला की ती प्रत परत येते. म्हणूनच अशा सिस्टिमला दुप्पट जागा लागते. शिवाय त्या दिवशीची तुमची कागदपत्रेही त्या प्रतीबरोबर परत येतात, तेव्हा मध्ये केलेले काम वेगळे जपून ठेवा.

---

मृण्मयी ऐरोली · शनिवार, दुपारी 2.30

जुना खिळा यांचे एक म्हणणे बरोबर आहे. अपडेट ही सुट्या पॅकेजांची माळ नसून एक संपूर्ण इमेज असते. प्रत काढून ती परत ओतण्याचा भाग मात्र येथे लागू होत नाही, आणि परळकरांच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या फरकातच आहे.

नेहमीच्या पद्धतीत अपडेट म्हणजे चालू घरातच भिंती पाडून पुन्हा बांधणे. `/usr` मधील फाइल एकेक करून बदलली जाते, आणि मध्येच वीज गेली तर आपण दोन अवस्थांच्या मध्ये कोठेतरी अडकतो. सिल्व्हरब्लूमध्ये चालू असलेल्या `/usr` ला अपडेट हातच लावत नाही. नव्या आवृत्तीच्या फाइलींचे पूर्ण झाड शेजारी दुसऱ्या फोल्डरमध्ये, `/ostree/deploy` च्या खाली, उभारले जाते, आणि त्या उभारणीच्या काळात चालू झाडाला त्याची गंधवार्ताही नसते. आपल्या दोन संगणकांची वीज उतरवताना गेली, म्हणजे शेजारचे बांधकाम अर्धवट राहिले. राहते घर तसेच होते.

आता त्या चार संगणकांकडे येऊ. अपडेट पूर्ण झाल्याचा संदेश येतो तेव्हा झाड तयार असते, पण ते पुढच्या वेळी सुरू करायचे, असा निर्णय अजून डिस्कवर नोंदलेला नसतो. ती नोंद `/run` मध्ये, म्हणजे मेमरीत असते. शेवटची पावले संगणक व्यवस्थित बंद होताना `ostree-finalize-staged.service` ही सेवा उचलते. ती त्या क्षणीच्या `/etc` मधील आपले बदल नव्या झाडात मिसळते, नवा कर्नल `/boot` मध्ये ठेवते आणि बूटची यादी पालटते. हे काम मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत लांबवलेले असते, कारण अपडेट आणि रीबूट यांच्यामध्ये आपण `/etc` मध्ये काही बदल केला तर तोही नव्या आवृत्तीत जावा. आपल्याकडे संगणक बंद झालेच नाहीत, विझले. मेमरीतली नोंद पुसली गेली आणि चौघेही जुन्यावर सुरू झाले. फाइली बहुधा डिस्कवरच राहिल्या असतील. सकाळी दुसऱ्यांदा अपडेट चालवताना ते लवकर उरकले असेल, तर त्याचे कारण हेच.

वीज नेमकी त्या शेवटच्या पावलाच्या वेळी गेली तर काय, असा प्रश्न यानंतर पडायला हवा. `/boot` मध्ये `loader` नावाचा एक दुवा असतो, जो `loader.0` किंवा `loader.1` यांपैकी एका फोल्डरकडे बोट दाखवतो. नवी यादी नेहमी ज्याच्याकडे बोट नाही त्या फोल्डरमध्ये लिहिली जाते, आणि सगळे डिस्कवर पोचल्यावर तो एकच दुवा फिरवला जातो. दुवा फिरवणे ही फाइल सिस्टिमच्या दृष्टीने न तुटणारी क्रिया आहे. ती झालेली असते किंवा झालेली नसते, तिच्या अधेमधे काही नसते.

तेव्हा पाचव्या संगणकावर आपण दुसरी ओळ निवडली, त्या वेळी काहीही दुरुस्त झाले नाही किंवा परत ओतले गेले नाही. जुने झाड कधी बदललेच नव्हते, आपण फक्त त्याचे दार उघडले. म्हणून एक मिनिट लागला.

दुप्पट जागेबद्दलही थोडे सांगते. प्रत्येक फाइल `/ostree/repo` मध्ये तिच्या मजकुरावरून काढलेल्या चेकसमच्या नावाने एकदाच साठवली जाते, आणि दोन्ही झाडांत तिच्या हार्ड लिंक, म्हणजे त्याच एका फाइलची आणखी नावे, असतात. दोन आवृत्त्यांत जी फाइल सारखी आहे ती डिस्कवर एकच असते. जास्तीची जागा फक्त फरकाइतकी लागते. याच कारणाने `/usr` केवळ वाचण्यापुरते ठेवलेले असते. पुष्कळांना वाटते की हे कुलूप केवळ व्हायरसपासून बचाव म्हणून आहे, परंतु मुख्य कारण असे की एका झाडातील फाइल कोणी जागच्या जागी बदलली, तर दुसऱ्या झाडातलीही तीच फाइल बदलेल आणि मागे फिरण्याची जागाच नासेल.

---

कुर्ल्याचा प्रवासी · शनिवार, दुपारी 3.05

माझ्या फोनवरही गेल्या महिन्यात अपडेट आले, त्यानंतर गॅलरीतील गावच्या लग्नाचे फोटो गेले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे जुने झाड शिल्लक असेल, तर त्यातून ते फोटो परत मिळवण्याची काही युक्ती आहे का? फोन दोन वर्षांचा आहे.

---

मृण्मयी ऐरोली · शनिवार, दुपारी 3.40

दादा, नाही मिळणार, आणि खोटी आशा लावत नाही. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, अनेक फोनमध्ये सिस्टिमचे ए आणि बी असे दोन कप्पे असतात. चालू कप्प्यातून फोन वापरात असताना अपडेट दुसऱ्या कप्प्यात लिहिले जाते, आणि नवा कप्पा काही प्रयत्नांत सुरू झाला नाही तर बूटलोडर जुन्याकडे वळतो. पण फोटो या दोन्ही कप्प्यांच्या बाहेर, दोघांच्या सामाईक जागेत असतात. कप्पा बदलल्याने ते जात नाहीत, तसेच परतही येत नाहीत. आपले फोटो दुसऱ्या कोणत्या कारणाने गेले असावेत. गॅलरीतील कचरापेटी आणि मेमरी कार्ड एकदा पाहा.

जुना खिळा यांच्या शेवटच्या वाक्याचे उत्तरही यातच आले. सिल्व्हरब्लूमध्ये `/home` प्रत्यक्षात `/var/home` असते, आणि `/var` सर्व आवृत्त्यांना सामाईक असते. मागे फिरल्याने मध्ये लिहिलेली कागदपत्रे जात नाहीत.

---

गोरेगाव पूर्व · शनिवार, सायंकाळी 5.15

वर्णन उत्तम आहे, परंतु यासाठी संपूर्ण सिस्टिमला कुलूप लावण्याची गरज मला पटत नाही. माझ्याकडे बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर साधे ओपनसुसे टंबलवीड लिनक्स आहे. अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपर आपोआप स्नॅपशॉट घेतो, आणि बिघडले तर मी मेनूतून जुना स्नॅपशॉट सुरू करून `snapper rollback` करतो. हाही एक मिनिटाचा खेळ आहे, आणि मला हवी ती फाइल मी हवी तेव्हा बदलू शकतो. मग इमेजचा एवढा बडिवार कशासाठी?

---

मृण्मयी ऐरोली · शनिवार, सायंकाळी 6.50

मागे फिरण्यापुरते पाहिले तर आपले बरोबर आहे, स्नॅपशॉटनेही ते साधते. माझ्या मते फरक पुढे जाण्यात आहे. आपल्या पद्धतीत अपडेट चालू सिस्टिमवरच चढते. ते मध्येच तुटले तर अर्धवट अवस्था निर्माण होतेच, फक्त तिच्या आधीचा फोटो आपल्याकडे असतो. शिवाय तो फोटो आपल्याच मशिनचा असतो, दोन वर्षांत हाताने केलेल्या सगळ्या खटपटींसह. इमेजच्या पद्धतीत परळकरांच्या सहाही संगणकांची पायाभूत आवृत्ती एकच आणि तिचा चेकसमही एकच असतो, त्यामुळे पाच चालतात आणि एक चालत नाही तेव्हा दोष त्या एकाच्या हार्डवेअरमध्ये शोधायचा, हे लगेच कळते.

हेही खरे की `rpm-ostree install` ने वरून पॅकेजे चढवली की हा एकसारखेपणा कमी होतो, कारण मग प्रत्येक मशिन आपले झाड स्वतः जुळवते. एखादे चढवलेले पॅकेज नव्या इमेजशी जुळले नाही, तर अपडेट नाकारले जाते. चालू सिस्टिमला धक्का लागत नाही, पण पुढे जाणे खुंटते आणि सुरक्षेची अपडेटेही अडकून पडतात.

---

गोरेगाव पूर्व · शनिवार, सायंकाळी 7.20

एका घरगुती संगणकासाठी मी माझ्या मतावर ठाम आहे. सहा सारख्या मशिनांसाठी आपला मुद्दा मान्य.

---

निवृत्त लेखनिक · रविवार, सकाळी 8.30

मला तांत्रिक भाषा फारशी येत नाही, पण माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी वाटते. भाच्याने माझ्या संगणकावर हीच सिस्टिम बसवून दिली आहे. मार्चमध्ये अपडेट झाले, त्यानंतर दोन दिवसांनी मी पासवर्ड बदलला, आणि आणखी दोन दिवसांनी स्कॅनर चालेना म्हणून भाच्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी मागच्या आवृत्तीवर गेलो. तेथे नवा पासवर्ड काही केल्या चालेना. अर्धा तास मी स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष दिला. शेवटी वैतागून जुना पासवर्ड टाकला, तर दार उघडले! माझी पत्रे मात्र कालपर्यंतची सगळी जागेवर होती. संगणक एका बाबतीत चार दिवस मागे आणि दुसऱ्या बाबतीत आजच्या तारखेवर कसा, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

---

मृण्मयी ऐरोली · रविवार, सकाळी 10.15

काका, आपली स्मरणशक्ती उत्तम आहे, आणि हे उदाहरण येथे आले ते फार बरे झाले. पत्रे `/var` मध्ये असतात, ती सामाईक. पासवर्ड `/etc/shadow` मध्ये असतो, आणि `/etc` प्रत्येक झाडाची स्वतंत्र असते. पुढे जाताना आपले बदल नव्या `/etc` मध्ये मिसळले जातात, मागे जाताना तसे काही होत नाही. जुन्या झाडाची `/etc` आपण ते सोडले त्या क्षणी जशी होती तशीच मिळते. आपण पासवर्ड नव्या झाडात बदललात, म्हणून जुन्या झाडाला तो ठाऊकच नव्हता.

परळकरांनी ध्यानात ठेवावे की हेच नव्याने जोडलेल्या प्रिंटरच्या सेटिंगला आणि नव्या वापरकर्त्यालाही लागू आहे. नव्या आवृत्तीवर कोणाचे खाते उघडले आणि नंतर मागे गेलात, तर त्याचे फोल्डर `/var/home` मध्ये दिसेल, पण खाते नसेल.

---

परळचा वाचक · रविवार, दुपारी 1.00

ताईंचे मनापासून आभार. आता माझी एक चूक कबूल करतो. सहाही संगणक एकसारखे असावेत या हट्टापायी काल रात्री मी नीट चालणारे पाचही `rpm-ostree rollback` करून जुन्या आवृत्तीवर नेले. आज सकाळी मुलांनी फायरफॉक्स उघडले, तर ही फायरफॉक्सची जुनी आवृत्ती आहे, नवे प्रोफाइल तयार करा, असा संदेश आला. दोघांनी तसे केलेही, आणि त्यांचे सगळे बुकमार्क नाहीसे झाले.

पाचव्या संगणकावर मी दर वेळी मेनूतून दुसरी ओळ निवडत आहे. त्याची सध्याची स्थिती अशी:

```
$ rpm-ostree status
Deployments:
  fedora:fedora/42/x86_64/silverblue
        Version: 42.20250719.0
● fedora:fedora/42/x86_64/silverblue
        Version: 42.20250712.0
```

हा कायमचा जुन्यावर कसा ठेवावा, आणि पुढच्या अपडेटला तोच काळा पडदा पुन्हा येणार नाही याची खात्री काय?

---

मृण्मयी ऐरोली · रविवार, दुपारी 2.20

बुकमार्क गेलेले नाहीत, जुन्या प्रोफाइलमध्ये शाबूत आहेत. सिल्व्हरब्लूमध्ये फायरफॉक्स इमेजचाच भाग आहे, त्यामुळे इमेज मागे गेली की फायरफॉक्सही मागे गेला. प्रोफाइल मात्र घरच्या फोल्डरमध्ये आहे आणि ते काल दिवसभर नव्या फायरफॉक्सने वापरले. नव्या आवृत्तीने हाताळलेले प्रोफाइल जुन्याने उघडून बिघडवू नये, म्हणून 2019 सालच्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स असा नकार देतो. या पाच संगणकांवर पुन्हा एकदा `rpm-ostree rollback` करा. ही आज्ञा दोन झाडांचा क्रम उलटवते, तेव्हा रीबूटनंतर आपण पुन्हा नव्यावर जाल. ज्या दोघांनी नवे प्रोफाइल केले, त्यांनी `about:profiles` या पानावर जाऊन जुने निवडावे.

हा प्रकार फायरफॉक्सपुरता नाही. जो कार्यक्रम `/var` मधील आपली माहिती नव्या रचनेत बदलून ठेवतो, त्याच्या बाबतीत सिस्टिम मागे जाते आणि माहिती पुढेच राहते. डेटाबेस चालवणाऱ्यांना हे महागात पडू शकते. बिघाड उशिरा लक्षात आला तर मागे फिरणे तितके अवघड होते ते यामुळेच. पहिल्या पाच मिनिटांत फिरलात तर मागे ठेवण्यासारखे काही साठलेलेच नसते.

आता पाचवा संगणक. यादीत ठिपका ज्याच्यापुढे आहे ते झाड आता चालू आहे, आणि जे सर्वांत वर आहे ते पुढच्या वेळी सुरू होणार. मेनूतून केलेली निवड त्या एका वेळेपुरतीच असते. जुन्यावर असतानाच `rpm-ostree rollback` चालवा, म्हणजे चालू झाड वर जाईल. मग ते खिळवून ठेवा:

```
rpm-ostree rollback
sudo ostree admin pin 0
rpm-ostree db diff
```

दुसरी आज्ञा सर्वांत महत्त्वाची आहे. एरवी चालू आणि मागची अशी दोनच झाडे राहतात, आणि आणखी दोन अपडेटे झाली की 12 जुलैचे हे चांगले झाड साफ होईल. खिळवलेले झाड आपण सोडवेपर्यंत जात नाही. तिसरी आज्ञा दोन आवृत्त्यांत कोणती पॅकेजे बदलली ते दाखवते. त्या यादीत कर्नल आणि ग्राफिक्स सांभाळणारे मेसा यांच्याकडे आधी पाहा.

पुढच्या अपडेटची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही. उद्या `rpm-ostree upgrade` केले आणि दरम्यान नवी आवृत्ती आली नसेल, तर तीच 19 जुलैची आवृत्ती पुन्हा येऊन बसेल, कारण आपल्याला ती नकोशी झाल्याची नोंद कोठेच नाही. त्या संगणकावर स्वयंचलित अपडेट बंद ठेवा आणि आठवड्यातून एकदा हाताने करून पाहा. बिघडले तर खिळवलेली ओळ मेनूत आहेच.

---

गोरेगाव पूर्व · रविवार, दुपारी 4.00

हे सगळे हाताने का करायचे? फेडोरा आयओटीमध्ये ग्रीनबूट नावाची सोय आहे. सुरू झाल्यावर ठरवलेल्या तपासण्या नापास झाल्या तर मशिन काही प्रयत्नांनंतर स्वतःच मागच्या झाडावर जाते. अभ्यासिकेत तज्ज्ञ माणूस रोज नसतो, तेथे तर हेच हवे.

---

मृण्मयी ऐरोली · रविवार, सायंकाळी 5.30

तपासणी कशाची करणार, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. पाचव्या संगणकाच्या दृष्टीने शनिवारचे बूट पूर्ण यशस्वी होते. कर्नल चालू, नेटवर्क चालू, सेवा चालू, लॉगिनचे पानसुद्धा दिसले. काळा पडदा फक्त खुर्चीत बसलेल्या मुलाला दिसत होता. कोणत्याही साध्या तपासणीने त्या मशिनला उत्तीर्णच केले असते. कोठेतरी खांबावर बसवलेल्या यंत्रासाठी ग्रीनबूट अत्यंत योग्य आहे, कारण तेथे सर्व्हरशी संपर्क झाला की नाही एवढेच पाहायचे असते. डेस्कटॉपसाठी तपासणी कशी लिहावी, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

---

जुना खिळा · रविवार, रात्री 9.10

माझे पहिले म्हणणे चुकले, हे मान्य. पण ताईंच्याच उत्तरातून एक शंका येते. सारखी फाइल डिस्कवर एकदाच असते, तर डिस्कचा नेमका तोच भाग खराब झाला की दोन्ही झाडे एकदम आडवी होणार. आमच्या त्या वेगळ्या प्रतीत निदान हा धोका नव्हता.

---

मृण्मयी ऐरोली · रविवार, रात्री 10.00

शंका अगदी रास्त आहे. फोनमधील ए आणि बी कप्प्यांत प्रत्येकाची स्वतंत्र प्रत असेल तर हा धोका कमी होतो, पण जागा दुप्पट जाते. सिल्व्हरब्लूमागच्या ओएसट्री या यंत्रणेने जागा वाचवली आणि हा धोका पत्करला. फाइली चेकसमने साठवल्या असल्याने बिघाड निदान ओळखता येतो, `sudo ostree fsck` चालवले की कोणती फाइल बिघडली ते समजते. आणखी एक पथ्य सांगते. अगदी स्वस्त एसएसडी कधी कधी लिहिले असे सांगतात आणि प्रत्यक्षात लिहिलेले नसते. तशा डिस्कवर वीज गेली, तर तो न तुटणारा दुवाही तुटू शकतो.

परळकर, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाच.

---

परळचा वाचक · पुढील रविवार, सकाळी 11.30

पाच संगणक नव्या आवृत्तीवर आहेत आणि बुकमार्क सर्वांना परत मिळाले. काल पाचव्यावर हाताने अपडेट करून पाहिले, तर पडदा पुन्हा काळा. रीबूट केले, मेनूतून 12 जुलैची खिळवलेली ओळ निवडली आणि लगेच `rpm-ostree rollback` केले. चहा येईपर्यंत मुलगा पुन्हा सराव परीक्षा सोडवत होता. `db diff` मध्ये कर्नल आणि मेसा दोन्ही बदललेले दिसतात, तेव्हा नेमका दोष कोणाचा हे अजून ठरलेले नाही.

या काळात एक गोष्ट मात्र खटकली. इतर संगणकांवरही हौसेने मी दोन-दोन झाडे खिळवली होती, आणि काल तिसऱ्या संगणकावर `/boot` मध्ये जागा नाही म्हणून अपडेट नाकारले गेले. प्रत्येक झाड आपला वेगळा कर्नल तेथे ठेवते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. `sudo ostree admin pin --unpin 2` ने एक झाड सोडवले, `rpm-ostree cleanup -r` ने मागचे साफ केले, आणि मग अपडेट गेले. आता पाचव्याखेरीज कोठेही काही खिळवलेले नाही.

पाचव्यासाठी एका सभासदाने वापरातून गेलेले दुसरे ग्राफिक्स कार्ड देऊ केले आहे. ते बुधवारी बसवतो आणि काय होते ते येथेच लिहितो.